इन्स्टाग्रामवर वेळेची मर्यादा, क्वायट मोड आणि ब्रेकची आठवण: लावायचं कसं, सुटतं कसं

वेळेला लगाम घालायला इन्स्टाग्राममध्ये तीन सोयी दिल्या आहेत आणि त्या तिन्ही तीन वेगळी घड्याळं बघून चालतात. रोजची मर्यादा दिवसभराची बेरीज करते. ब्रेकची आठवण सलग किती वेळ बसलात ते मोजते. क्वायट मोडला तुम्ही किती वेळ घालवला याच्याशी काही देणंघेणं नाही, तो फक्त भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतो. नवीन माणूस यातलं जे पहिलं दिसेल ते लावतो, चार दिवस वाट बघतो आणि मग "असल्यानं काय होत नाही" म्हणून सोडून देतो. होत नाही हे बऱ्याच अंशी खरं आहे, पण का होत नाही हे समजलं तर त्यातूनच कामाचं काहीतरी उभं करता येतं.

आमचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान कोल्हापुरात शाहूपुरीत आहे. स्क्रीन बदलायला आलेलं गिऱ्हाईक काच चिकटेपर्यंत बसून असतं आणि गप्पा फिरून फिरून याच विषयावर येतात. खाली लिहिलंय ते काउंटरवर सांगतो त्याच क्रमानं. इन्स्टाग्राम आणि अँड्रॉइड फोन धरून चाललोय, आयफोनबद्दल मधे एक भाग आहे.

आधी रोजची मर्यादा

आपल्या प्रोफाइलवर जा, वरच्या कोपऱ्यातल्या तीन रेघा दाबा आणि यादीत Time management शोधा. तिथं या फोनवर गेल्या आठवड्यात रोज सरासरी किती वेळ गेला ते दिसतं. त्याखाली Daily limit आहे. त्यात वेळ निवडली की काम झालं.

दोन गोष्टी इथंच बघून घ्या. पहिली म्हणजे मिळणारे पर्याय. ही सोय 2018 मध्ये आली तेव्हा 10-15 मिनिटांइतकी छोटी मर्यादाही ठेवता यायची. 2022 च्या सुरुवातीला कंपनीनं सर्वात छोटा पर्याय 30 मिनिटांवर नेला. ज्याला फक्त पंधरा मिनिटं द्यायची आहेत त्याची सोय या पडद्यावर होत नाही, त्याला फोनच्या टायमरकडे जावं लागतं. तो पुढे येतोच. दुसरी गोष्ट, हा आकडा या फोनवरचा आहे. दुकानातल्या कॉम्प्युटरवर ब्राउझरमध्ये उघडून बघितलेलं किंवा घरच्या टॅबवर बघितलेलं इथं मोजलं जात नाही.

मर्यादा संपली की काय होतं? एक चिठ्ठी येते, की आजची वेळ झाली. ती बाजूला सारली की फीड जिथं होतं तिथूनच पुढे चालू. ॲप बंद पडत नाही, पासवर्ड मागत नाही, मिनिटभर थांबायलाही लावत नाही. मोठ्या माणसाच्या खात्यावर ही मर्यादा म्हणजे नुसती आठवण आहे. सोडवायला एक टॅप लागतो, आणि तोही अंगठा जिथं टेकलेला असतो तिथून बोटभर अंतरावर.

याला तुमच्या मनाचा कमकुवतपणा समजू नका. टिकटॉकनं 2023 मध्ये अल्पवयीन मुलांसाठी साठ मिनिटांची मर्यादा आपोआप लावून दिली होती. पुढे अमेरिकेतल्या खटल्यात त्यांची आतली कागदपत्रं 2024 मध्ये उघड झाली. त्यात या मर्यादेचा परिणाम नोंदवलेला होता: मुलांचा रोजचा वापर सुमारे 108.5 मिनिटांवरून 107 मिनिटांवर आला. म्हणजे दीड मिनिट. टिकटॉक आपल्याकडे जून 2020 पासून बंद आहे, पण चिठ्ठी दाखवून सोडून देणाऱ्या मर्यादेची ताकद किती, याचा एवढा सरळ आकडा मला दुसरीकडे सापडलेला नाही.

ब्रेकची आठवण

ही सोय इन्स्टाग्रामवर डिसेंबर 2021 मध्ये आली, 10, 20 आणि 30 मिनिटं असे पर्याय घेऊन. मेनूची मांडणी दर काही महिन्यांनी बदलते, त्यामुळे ती Time management मध्येच किंवा त्याच्या आसपास शोधावी लागेल. सलग तेवढी मिनिटं स्क्रोल झालं की मधेच एक पान येतं: श्वास घ्या, गाणं ऐका, पुढच्या कामाची आठवण करा. बाजूला सारलं की संपलं.

यात मुद्द्याचा शब्द 'सलग' आहे. मधे फोन खाली ठेवला, भाजीवाल्याशी दोन मिनिटं बोललात आणि परत आलात, तर तुमच्या हिशेबानं ते एकच बसणं असतं, पण घड्याळाच्या हिशेबानं ते तसं असेलच असं नाही. यूट्यूबनं याचे नियम सरळ लिहून ठेवलेत. तिथं Settings मध्ये Remind me to take a break आहे. ॲप बंद केलं, साइन आउट केलं, दुसऱ्या फोनवर गेलात, किंवा व्हिडिओ तीस मिनिटांपेक्षा जास्त थांबवून ठेवला, की त्याचं मोजणं पहिल्यापासून सुरू होतं. डाउनलोड करून ठेवलेले व्हिडिओ बघताना तर ते मोजतच नाही. संध्याकाळभर चार वेळा यूट्यूब उघडून दोन तास घालवणाऱ्या माणसाला एक तासाची आठवण एकदाही न येणं यात बिघाड काही नाही.

ब्रेकची आठवण निरुपयोगी आहे असं मी म्हणणार नाही. ज्याला भानच राहत नाही, त्याला वीस मिनिटांनी हटकणारं कुणीतरी बरं असतं. पण भान असूनही उठवत नाही अशांसाठी ती नाही, आणि दुकानात येणारे बहुतेक दुसऱ्या प्रकारातले असतात.

क्वायट मोड

जानेवारी 2023 मध्ये हा काही देशांत सुरू झाला आणि नंतर सगळीकडे आला. नव्या आवृत्तीत Quiet mode ऐवजी Sleep mode असं नाव दिसू शकतं. Notifications मध्ये किंवा Time management मध्ये सापडतो. सुरू व्हायची वेळ, संपायची वेळ आणि आठवड्यातले वार निवडायचे.

त्या वेळेत तीन गोष्टी होतात. नोटिफिकेशन वाजत नाहीत. तुमच्या नावापाशी तुम्ही क्वायट मोडमध्ये आहात असं दुसऱ्याला दिसतं. आणि कुणी मेसेज पाठवला तर त्याला आपोआप उत्तर जातं, की या माणसाला तुमच्या मेसेजची सूचना आत्ता गेलेली नाही. वेळ संपली की राहून गेलेल्या सूचनांचा गोषवारा मिळतो.

काय होत नाही, ते जास्त महत्त्वाचं. ॲप उघडतं. रील्स चालतात. मेसेजही वाचता येतात. फोनच तुम्हाला हाक मारायचा बंद होतो, तुमचं स्वतःहून जाणं चालूच राहतं. त्यामुळे क्वायट मोड 'चुकवायचा' कसा हा प्रश्नच उद्भवत नाही, त्यानं काही अडवलेलंच नसतं. ज्याची झोप टिंगटिंग आवाजानं मोडते त्याला तो पहिल्याच रात्री लागू पडतो. ज्याचा हात अंधारात आपणहून उशीखाली जातो त्याला नाही.

चप्पल लाईनमधलं एक उदाहरण

चप्पल लाईनमधल्या एका दुकानाच्या सूनबाई इन्स्टाग्रामवरून ऑर्डर घेतात. आमच्या ओळखीतलं घर, मी त्यांना वहिनी म्हणतो. कापशी चपलांचे फोटो टाकायचे, पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकाला मापाचा तक्ता पाठवायचा, कुरिअरचा नंबर कळवायचा. दुकान रात्री नऊला बंद होतं, जेवणं होतात, मग राहिलेल्या मेसेजना उत्तरं द्यायला म्हणून फोन हातात येतो आणि खाली ठेवताना दीड वाजलेला असतो.

"भावजी, तीस मिन्टाचं लिमिट लावलंय की मी," त्या म्हणाल्या. "पर कायबी उपेग न्हाई."

"चिठ्ठी येते का?"

"येती की. दुपारी येती."

"मग काय करता?"

"काय करणार? गिऱ्हाईक पलीकडं थांबलेलं असतंय. सारती बाजूला."

सगळी गोम इथं आहे. रोजच्या मर्यादेला काम आणि करमणूक यांतला फरक कळत नाही. मापाचा तक्ता पाठवण्यात गेलेली मिनिटं आणि रील्समध्ये गेलेली मिनिटं एकाच खात्यावर पडतात. वहिनींची तीस मिनिटं दुपारी दोनच्या आत कामातच संपायची. चिठ्ठी यायची ती ऐन गिऱ्हाइकात, तेव्हा ती बाजूला सारण्यात चूक काहीच नव्हती. आणि त्या दिवसापुरती एकदा सारली की रात्री, जेव्हा खरी गरज, तेव्हा ती परत येत नव्हती. वर वाईट सवय अशी लागली, की चिठ्ठी दिसली की न वाचता सारायची.

म्हणून काहीही लावण्याआधी एक काम करा. कुठल्या वेळी जास्त जातं ते शोधा. अँड्रॉइडच्या Settings मध्ये Digital Wellbeing and parental controls आहे. त्यात डॅशबोर्ड उघडून इन्स्टाग्राम निवडा. बऱ्याच फोनवर तिथं तासागणिक आलेख दिसतो. वहिनींचा आलेख बघितल्यावर दिवसा छोटे छोटे खांब होते, आणि रात्री साडेदहा ते दीड सलग भिंत. त्यांचा प्रश्न 'दिवसात किती' हा नव्हताच, 'रात्री किती' हा होता. रोजची मर्यादा हे त्यावरचं औषधच नव्हे.

फोनचा स्वतःचा टायमर

ॲपच्या आतल्या तिन्ही सोयी विनंती करतात. फोनचा टायमर ॲप खरंच बंद करतो. Digital Wellbeing च्या त्याच डॅशबोर्डवर इन्स्टाग्रामच्या समोर वाळूच्या घड्याळाचं चिन्ह किंवा App timer असा पर्याय असतो. इथं पाच मिनिटंही ठेवता येतात. वेळ संपत आली की आधी सूचना येते, मग ॲप मिटतं आणि त्याचं चिन्ह करडं होतं. दाबलं तर टायमर संपल्याचं सांगून बाहेर काढतं.

आता हा कसा सुटतो ते बघा. त्याच जागी परत जाऊन टायमर काढून टाकायचा, झालं. कुठलाही पिन मागितला जात नाही. आठ-दहा सेकंदांचं काम. तरीही चिठ्ठीपेक्षा हा बरा, कारण चिठ्ठी सारताना डोळे फीडवरच असतात. इथं फीड सोडून सेटिंगमध्ये जावं लागतं, चार पडदे ओलांडावे लागतात, आणि तेवढ्या वेळात "आपण हे काय करतोय" असा विचार डोक्यात यायला जागा मिळते. कुणाकुणाला तेवढं पुरतं.

पण रात्री जागणाऱ्यांसाठी यात एक मोठी खोच आहे, आणि ती कुठल्याही पडद्यावर ठळक लिहिलेली नसते. हा टायमर मध्यरात्री बाराला नव्यानं सुरू होतो. तुम्ही पाऊण तास दिलात आणि तो अकरा वाजून चाळीस मिनिटांनी संपला, तर वीस मिनिटं कड काढायची. बाराच्या ठोक्याला चिन्हाचा रंग परत येतो आणि उद्याची पंचेचाळीस मिनिटं हातात पडतात. वहिनींच्या बाबतीत पहिल्या रात्री हेच झालं. काही न तोडता, काही न काढता कुंपण ओलांडलं गेलं. बिचारा टायमर नियमानं वागला.

रात्रीसाठी हवं ते वेगळं: घड्याळाच्या वेळेवर चालणारा आणि बाराच्या पलीकडे जाणारा अडसर. अँड्रॉइडवर तो Focus mode मध्ये मिळतो. Digital Wellbeing मध्येच आहे. तिथं ॲप निवडा, मग वेळापत्रक लावा, समजा रात्री साडेदहा ते सकाळी सहा. त्या काळात निवडलेली ॲप उघडत नाहीत. शेजारीच Bedtime mode असतो, त्याच्याशी गल्लत करू नका. तो पडदा करडा करतो, आवाज बंद करतो, पण ॲप अडवत नाही. अनेकजण तोच लावून "चालत नाही" म्हणत येतात. Focus mode मध्येही थोड्या वेळाची सूट घेण्याचा आणि सगळंच तात्पुरतं बंद करण्याचा पर्याय आहे, म्हणजे पळवाट आहेच. फक्त ती बाराला आपोआप उघडत नाही.

आयफोन असेल तर

आयफोनवर Settings मध्ये Screen Time आहे. त्यात App Limits म्हणजे दिवसाची बेरीज आणि Downtime म्हणजे घड्याळाची वेळ. नुसती मर्यादा लावली तर वेळ संपल्यावर पडद्यावर Ignore Limit येतं. ते दाबलं की एक मिनिट, पंधरा मिनिटं किंवा आजच्यापुरती माफी, असं विचारतं. दोन टॅपमध्ये दिवस मोकळा.

इथं एक जागा अशी आहे की जिथं खरं कुलूप बसतं. Lock Screen Time Settings मधून स्क्रीन टाइमचा वेगळा पासकोड ठेवा. तो ठेवल्यावरच मर्यादेच्या पडद्यावर Block at End of Limit हा खटका दिसतो, आणि तो चालू करावा लागतो. पासकोड आहे पण खटका बंद, अशी गंमत मी बऱ्याच फोनवर बघितली आहे. खटका चालू असेल तर पासकोडशिवाय जास्तीत जास्त एक मिनिट मिळतं.

पासकोड कुणी टाकायचा? तुम्ही नाही. नवऱ्यानं, बायकोनं, बहिणीनं. आणि तो ठरवताना फोन विचारतो, की विसरलात तर परत मिळवायला कुठलं ॲपल खातं वापरायचं. तिथं तुमचंच खातं दिलंत तर "विसरलो" दाबून तुम्ही स्वतःच पासकोड बदलू शकता. कुलपाची दुसरी किल्ली आपल्याच खिशात राहिली असा त्याचा अर्थ. दुसऱ्याचं खातं द्या किंवा ती पायरी वगळा.

अँड्रॉइडच्या टायमरला असं कुलूप मोठ्या माणसासाठी दिलेलं नाही. म्हणून मी अँड्रॉइडवाल्यांना सांगतो की फोन कुठं ठेवायचा ते आधी ठरवा, सेटिंग नंतर. चार्जर झोपायच्या खोलीतून काढून स्वयंपाकघरात लावला की Focus mode च्या पळवाटेपर्यंत पोचायलाच उठून चालत जावं लागतं.

लावल्या लावल्या स्वतःच तोडून बघा

मर्यादा लावून पंधरा दिवस वाट बघण्यात अर्थ नाही. पाच मिनिटांचा टायमर लावा, ती पाच मिनिटं संपवा, आणि मग ज्या ज्या वाटेनं आत शिरता येईल त्या सगळ्या शोधा. जी वाट आज शांत डोक्यानं सापडली ती रात्री बाराला नक्की सापडणार आहे.

सुरुवात ब्राउझरपासून करा. क्रोममध्ये instagram.com उघडा. बहुतेक वेळा उघडेल, कारण टायमर ॲपवर आहे, वेबसाइटवर नाही. व्हॉट्सॲपवर मैत्रिणीनं पाठवलेल्या रीलची लिंक ॲप बंद असताना दाबली तर ती कुठं उघडते तेही बघा. उपाय साधा: ब्राउझरमधून खात्यातून लॉग आउट व्हा आणि पासवर्ड त्यात साठवलेला असेल तर काढून टाका. लॉग इन नसेल तर इन्स्टाग्राम फार वेळ बघू देत नाही.

मग जुळं ॲप. काही फोनमध्ये एकाच ॲपची दोन रूपं ठेवायची सोय असते, शाओमीत Dual apps सारखी. दुसऱ्या रूपावर टायमर लागलाय का ते वेगळं तपासा. जुना फोन घरात वायफायवर चालू असेल तर तोही हिशेबात धरा.

मग शेजारचं घर. इन्स्टाग्राम बंद झाल्यावर अंगठा यूट्यूब शॉर्ट्सवर किंवा फेसबुकच्या रील्सवर जातो का? ही पळवाट पकडायला सर्वात अवघड, कारण यात तुम्ही काहीच तोडलेलं नसतं आणि इन्स्टाग्रामचा आकडा छान खाली आलेला दिसतो. म्हणून निकाल बघताना एका ॲपचा आकडा बघू नका, रात्री साडेदहानंतर फोनचा पडदा एकूण किती वेळ चालू होता ते बघा. तो तेवढाच असेल तर फक्त दुकान बदललं. यूट्यूबनं ऑक्टोबर 2025 मध्ये शॉर्ट्ससाठी वेगळी रोजची मर्यादा आणली, पण मोठ्यांच्या खात्यावर तिची चिठ्ठीही बाजूला सारता येते. Focus mode च्या यादीत ही सगळी ॲप एकत्र टाकणं जास्त खात्रीचं.

शेवटी फोनची तारीख. पोरं हे हमखास करतात: आपोआप तारीख बंद करून घड्याळ पुढे ढकलायचं, म्हणजे टायमरला वाटतं नवा दिवस उजाडला. तुमच्या फोनवर चालतं का ते एकदा करून बघा आणि तारीख परत आपोआपवर ठेवा, नाहीतर बँकेची ॲप रुसतात.

घरात पोरं असतील तर

इथं गणित बदलतं, कारण किल्ली दुसऱ्याच्या हातात देता येते. इन्स्टाग्रामची टीन खाती भारतात फेब्रुवारी 2025 पासून सुरू झाली. त्यात साठ मिनिटांनी उठायची आठवण आणि रात्री दहा ते सकाळी सात स्लीप मोड आपोआप लागलेले असतात. पण नीट वाचा: आठवण आणि स्लीप मोड. आत्ताच वर बघितलं तसं या दोन्ही सोयी ॲप बंद करत नाहीत. सोळा वर्षांखालच्या मुलाला ही बंधनं सैल करायला पालकाची परवानगी लागते, एवढाच फरक.

खरंच बंद व्हायला हवं असेल तर पालकांनी आपल्या खात्यावरून देखरेख चालू करायची, म्हणजे Supervision. मुलाला आमंत्रण जातं, त्यानं स्वीकारावं लागतं. मग दिवसाची मर्यादा संपल्यावर किंवा ठरलेल्या वेळेत ॲप अडतं, आणि ते सोडवायचा अधिकार मुलाकडे नसतो. यातली मोठी फट म्हणजे जन्मतारीख. खातं उघडताना मोठं वय लिहिलं असेल, किंवा पोरानं दुसरं खातं काढलं असेल, तर टीन खात्याचं काहीच लागू होत नाही. मुलाच्या फोनवर प्रोफाइलच्या पानावरचं नाव दाबा, त्या फोनवर लॉग इन असलेली सगळी खाती दिसतील. गूगलचं फॅमिली लिंक खात्याकडे न बघता आख्ख्या ॲपलाच मर्यादा लावतं, आणि ती पालकाच्या फोनवरून ठरते, म्हणून अँड्रॉइडवर मला ते जास्त पक्कं वाटतं.

दहावीच्या पोराचा फोन माझ्याकडे आणून "कायमचं बंद करून द्या" म्हणणारे आईबाप येतात. पोराला न सांगता काही लावून देत नाही मी. आठवड्यात त्याला वाट सापडते, आणि मग ती तो लपवतो.

वहिनींनी शेवटी काय ठेवलं

आधी काम बाजूला काढलं. प्रोफाइलवर व्हॉट्सॲप बिझनेसचा नंबर टाकला आणि 'ऑर्डरसाठी इथं, सकाळी 11 ते रात्री 8' असं लिहिलं. मापं आणि कुरिअरचं बोलणं तिकडे गेलं, त्यामुळे इन्स्टाग्रामवर उरलं ते फोटो टाकणं आणि बघणं. इन्स्टाग्रामची आतली रोजची मर्यादा काढूनच टाकली, कारण ती न वाचता सारायची सवय बोटाला लागली होती.

रात्री साडेदहा ते सहा Focus mode, त्यात इन्स्टाग्राम, फेसबुक, यूट्यूब आणि क्रोमही. क्रोम घ्यायला त्या आधी तयार नव्हत्या, ब्राउझरची वाट त्यांना स्वतःलाच सापडल्यावर घेतला. व्हॉट्सॲप मुद्दाम बाहेर ठेवलं, माहेरचा फोन तिथंच येतो.

क्वायट मोड त्याच वेळेला लावला, पण त्याचा उपयोग उलट्या बाजूनं झाला. रात्री अकराला मेसेज करणाऱ्या गिऱ्हाइकाला आपोआप कळतं की सूचना गेलेली नाही, त्यामुळे "बघून उत्तर दिलं नाही" ही तक्रार थांबली. "उत्तर द्यायला म्हणून" फोन उघडण्याचं निमित्तही गेलं. एक त्रास झाला: नणंदेला तो आपोआप गेलेला मेसेज आला आणि तिला वाटलं वहिनींनी मुद्दाम पाठवला. व्यवसायाचं आणि घरचं बोलणं एकाच खात्यावर असेल तर घरच्यांना आधी सांगून ठेवा.

Focus mode ची सूट त्या अजून कधीमधी घेतात. आलेखातली साडेदहानंतरची भिंत मात्र मोडली, मधे मधे ठिपके राहिले. शुक्रवारी-शनिवारी ते ठिपके मोठे असतात. वेळापत्रकात ते दोन वार त्यांनी स्वतःहून साडेअकरापर्यंत ढकलले, कारण नाहीतर त्या दोन रात्री Focus mode च बंद करून ठेवायच्या आणि सोमवारी परत चालू करायला विसरायच्या.

एवढं लावून झालं की फोनचं अपडेट आल्यावर एकदा नजर टाका. मेनूतली नावं बदलतात, आणि फोन बदलला की Digital Wellbeing चे टायमर आणि Focus mode ची यादी नव्या फोनवर आपोआप येतील असं धरू नका. नवा फोन घेतल्यावर डेटा भरून देताना मी हे पडदे गिऱ्हाइकाला उघडून दाखवतो. बहुतेक वेळा ते रिकामेच असतात.